वाचन मंडळात पाहुण्यांची ओळख कशी करून द्यावी

गावच्या वाचन मंडळात पाहुणे आले की कुणीतरी उठतं, खिशातून कागद काढतं आणि त्यांचं शिक्षण, नोकरी, पुरस्कार, पदं असं सगळं वाचून दाखवतं. मागे सतरंजीवर बसलेल्या बाईनं घरचं आवरून, एक प्रश्न मनात धरून यायचं ठरवलेलं असतं. ही यादी ऐकता ऐकता तिचं ठरतं की एवढ्या मोठ्या माणसापुढं आपण काही विचारू नये. व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच तिचा प्रश्न गेलेला असतो. ओळख करून देणाऱ्यानं काय बोलावं हे या बाईकडे पाहून ठरवायचं, पाहुण्यांकडे पाहून नाही.

एक उदाहरण धरून चालू. मंडळानं या महिन्यात एक ऐतिहासिक कादंबरी वाचली आहे. मोडी लिपीतले जुने कागद वाचणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका पाहुण्या म्हणून येणार आहेत. बैठक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, रात्री साडेसातला. पंचवीस-तीस माणसं, त्यातल्या निम्म्यांनी कादंबरी पूर्ण वाचलेली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये.

बैठकीच्या तीन-चार दिवस आधी पाहुण्यांना फोन करा. बायोडाटा मागू नका. मागितला तर तो येतो, आणि आला की वाचायचा मोह होतो. तीनच गोष्टी विचारा. हे काम तुम्ही हातानं नेमकं कसं करता? लोक तुम्हाला सगळ्यात जास्त काय विचारतात? आणि बैठकीत काय निघू नये असं तुम्हाला वाटतं? तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि मोडीच्या बाबतीत तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. जुना कागद म्हणजे पुष्कळदा शेताचा, वाटणीचा नाहीतर कर्जाचा. भाऊबंदकी सुरू असलेल्या घरचा कागद कुणी भर बैठकीत उघडला आणि पाहुण्यांनी सहज दोन ओळी वाचून दाखवल्या, तर पुढच्या बैठकीला त्या घरातलं कुणी येणार नाही. चारचौघांत कोणता कागद वाचायचा नाही, हे फोनवरच ठरवून घ्या.

नाव कसं उच्चारायचं तेही त्याच फोनवर विचारा. वानखडे आणि वानखेडे यांत एका मात्रेचा फरक असला तरी ज्याचं नाव आहे त्याला तो लगेच टोचतो.

आता ओळखीचा मजकूर. लांबी दीड मिनिट, फार तर दोन. कागदावर शंभर ते दीडशे शब्द पुरतात. चार गोष्टी याच क्रमानं येऊ द्या: मंडळ कुठं अडलं होतं, पाहुणे काय करतात, ऐकणाऱ्यांच्या घरात त्याचं काय आहे, आणि शेवटी पाहुण्यांना एक प्रश्न. पाहुण्यांपासून सुरुवात केली की सगळे ऐकायला बसतात. मंडळाच्या अडचणीपासून केली, तर अडचण आपली आहे आणि पाहुणे ती सोडवायला आले आहेत, हे कुणी न सांगताही कळतं.

आपल्या उदाहरणात ओळख अशी होईल:

"नमस्कार मंडळी. या महिन्याच्या कादंबरीत वाड्यातून निघालेलं एक पत्र आहे. ते मोडीत होतं एवढंच लेखक सांगतो आणि पुढं जातो. मागच्या बैठकीत आपण तिथंच अडलो होतो. आज आलेल्या मॅडम तसेच कागद वाचतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या मोडी शिकल्या, आणि बारा वर्षांपासून आसपासच्या गावांतल्या लोकांना जुने कागद वाचून देतात. आपल्यापैकी काही जणांनी घरच्या पेटीत असा कागद पाहिला असेल. पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला, एका लांब आडव्या रेघेला अक्षरं टांगल्यासारखी. वाचता आला नाही म्हणून परत ठेवून दिला असेल. आज कुणाच्या घरचा कागद इथं उघडायचा नाही. तो पाहायचा कसा, एवढंच समजून घेऊ. मॅडम, असा कागद पहिल्यांदा हातात आला की तुमची नजर आधी कुठं जाते?"

यात पदवी नाही, पुरस्कार नाही. पाहुण्यांबद्दल फक्त दोन वाक्यं आहेत, आणि दोन्ही त्या काय करतात याबद्दल. नोकरीतली पदं सांगायलाच हवीत असा आग्रह कुणी धरला, तर ती आभार मानताना सांगा. तोवर लोकांचं पाहुण्यांशी बोलणं झालेलं असतं आणि मोठेपणाचं ओझं वाटत नाही.

"काही जणांनी" हा शब्दही मुद्दाम ठेवला आहे. कुणाच्या घरी कागद आहे हे गावात ठाऊक असलं, तरी त्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही, नजरही वळवायची नाही. त्यानं स्वतः सांगितलं तर ठीक.

प्रश्न कसा घडवायचा

खरं अवघड काम शेवटच्या वाक्याचं. बाकीची ओळख साधारण झाली तरी निभतं. हा प्रश्न चुकला की पाहुणे घरून ठरवून आणलेलं भाषण सुरू करतात आणि पन्नास मिनिटं थांबत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. "आता मॅडमनी आपल्याला मार्गदर्शन करावं" असं म्हटल्यावर माणूस मार्गदर्शनच करणार.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात वाईट प्रश्न म्हणजे "मोडी लिपीचं महत्त्व काय?" याचं उत्तर निबंधच असतं, आणि निबंध चालू असताना मध्ये कुणाला तोंड घालता येत नाही. दुसरा वाईट प्रश्न: "मोडी शिकायला कठीण असते का?" उत्तर हो किंवा नाही. तिथं संवाद संपतो आणि पाहुणे पुन्हा भाषणाकडे वळतात. तिसरा प्रकार दिसायला चांगला पण फसवा: "तुम्ही मोडीकडे कशा वळलात?" पाहुण्या आपल्या आयुष्याबद्दल बोलू लागतात. ते ऐकायला गोड असतं, पण सतरंजीवरच्या बाईला त्यात स्वतःची भर घालता येत नाही.

चांगल्या प्रश्नाचं उत्तर पाहुण्यांना पुस्तकातून नाही, हाताच्या कामातून माहीत असतं. ते दोन-तीन मिनिटांत संपतं. आणि ज्यानं कादंबरी वाचली नाही त्यालाही त्यात काहीतरी बोलायला मिळतं. "नजर आधी कुठं जाते?" हा प्रश्न या तिन्हींत बसतो. मॅडम सांगतील की आधी तारीख शोधते. कागदावर शके 1832 दिसलं तर त्यात 78 मिळवायचे, म्हणजे साधारण 1910 साल आलं. हे बेरजेचं काम आहे, लिपी न येणाऱ्यालाही जमतं. मग त्या सांगतील की मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि अक्षरं तिच्याखाली, हात फारसा न उचलता लिहीत. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. म्हणून वाचणारा माणूस सुट्या अक्षरावर अडत नाही, ओळखीचा शब्द शोधतो: गावाचं नाव, बापाचं नाव, रुपयाचा आकडा. इथं मागून कुणीतरी म्हणतंच, "आमच्या घरच्यावर तर नुसता शिक्का दिसते." हेच वाक्य हवं असतं. तो प्रश्न नाही, भर आहे. पुढची अर्धी बैठक त्यावर चालते.

घडवलेला प्रश्न आदल्या दिवशी पाहुण्यांना सांगून ठेवा. आयत्या वेळी विचारला की जास्त रंगत येते असं काही जण म्हणतात, ते ऐकू नका. अचानक विचारलेल्या प्रश्नाला माणूस सावध उत्तर देतो, आणि सावध उत्तर म्हणजे परत भाषणच. "ओळख संपवताना मी हा प्रश्न विचारीन, त्याचं तेवढं दोन-तीन मिनिटं सांगा, मग लोक बोलतील," एवढं फोनवर सांगितलं की पुरतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही असं पाहुण्या म्हणाल्या तर त्यांचं ऐका आणि प्रश्न लहान करा. "कागदात काय काय असतं?" ऐवजी "तारीख कुठं असते?"

एका सभासदाला आधी सांगून त्याच्याकडून पहिला प्रश्न विचारून घेणं, ही चाल टाळा. पाठ केलेला प्रश्न आवाजावरून ओळखू येतो, आणि कार्यक्रम आधीच ठरला आहे असं बाकीच्यांना वाटतं.

बैठकीच्या दिवशी

शाल-श्रीफळ शेवटी. सुरुवातीला सत्कार घेतला की फोटो, मग दुसरा फोटो, मग उशिरा आलेल्या पदाधिकाऱ्याचा तिसरा फोटो, यात वीस मिनिटं जातात आणि पाहुणे व्यासपीठावरचे होऊन बसतात. सरपंच आले असतील तर त्यांचं नाव घेऊन स्वागत करा, पण ओळख सुरू व्हायच्या आधी, वेगळं.

पाहुण्यांची खुर्ची टेबलामागे ठेवू नका. सतरंजी अर्धगोल टाका, खुर्ची त्याच्या तोंडाशी. तीस माणसांच्या खोलीत माइक लागत नाही, आणि दिवे गेले तर माइकच्या भरवशावर असलेली बैठक बंद पडते.

ओळख पाठ करायची नाही, वाचायचीही नाही. चार गोष्टींचे चार शब्द तळहाताएवढ्या चिठ्ठीवर लिहा. शेवटचा प्रश्न मात्र शब्दशः लिहून ठेवा, कारण आयत्या वेळी जीभ सवयीनं "दोन शब्द बोलावेत"कडे घसरते. प्रश्न विचारताना पाहुण्यांकडे पाहा, विचारून झाला की लगेच खाली बसा, आणि तेही सभासदांमध्ये. उभे राहिलात तर पाहुण्या उत्तर तुम्हालाच देतील.

पहिली पाच मिनिटं पाहुण्यांची नजर पाहा. ती सतरंजीवर फिरत असेल तर काही करायचं नाही. भिंतीकडे किंवा तुमच्याकडेच लागली असेल, तर भाषण सुरू झालं आहे. अशा वेळी "कुणाला काही प्रश्न?" असं विचारू नका, शांतता वाढते. वाक्य संपल्याचा श्वास ऐकू आला की बसल्या जागेवरून मघाचीच गोष्ट छोटी करून म्हणा: "मॅडम, शिक्का म्हणालात तो कागदाच्या वर असते की खाली?" आणि पाहुण्यांकडे न पाहता, ज्यांच्या घरी कागद असेल असं वाटतं त्यांच्याकडेही न पाहता, आपल्या चिठ्ठीकडे पाहा.