दुधाचं तापमान बघताना या चुका टाळा: थर्मामीटरला थांबायला किती वेळ द्यायचा?

दह्यासाठी दूध 43 अंशांवर आणायचं होतं. फ्रिजमधलं 8 अंशांचं अर्धा लिटर दूध मोठ्या आचेवर ठेवलं, डायलचा थर्मामीटर कडेला अडकवला, काटा 43 वर आला तसा गॅस बंद केला आणि लगेच विरजण घातलं. सकाळी पातेल्यात आदल्या रात्रीचंच पातळ दूध होतं. विरजण चांगलं होतं. त्याच विरजणाचं शेजारी दही लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तसंच दूध तापवलं, पण गॅस बंद केल्यावर विरजण न घालता काट्याकडे बघत बसले. काटा 43 वर थांबलाच नाही. वीस सेकंदांत 49, चाळीस सेकंदांत साडेएक्कावन्न, आणि दीड मिनिटानंतर 53 वर स्थिरावला. दूध आदल्या रात्रीही तेवढंच तापलं असणार. दही लावणारे जिवाणू 40 ते 45 अंशांत खुशीत वाढतात. पन्नाशीच्या पुढे त्यांचा जोर मोडतो.

इथे थर्मामीटर बिघडलेला नव्हता. तो नेहमी स्वतःचं तापमान दाखवतो, दुधाचं नाही. दुधातली उष्णता त्याच्या नळीत शिरून आतली पट्टी तापायला वेळ लागतो. हा उशीर बऱ्यापैकी ठरावीक असतो: ठरावीक सेकंदांत दूध आणि थर्मामीटर यांच्यातला सुमारे 63 टक्के फरक भरून निघतो, पुढच्या तेवढ्याच सेकंदांत उरलेल्याचा 63 टक्के, असं चालू राहतं. या सेकंदांना त्याचा कालस्थिरांक म्हणतात.

तो घरीच मोजता येतो. खोलीत 28 अंशांवर असलेला थर्मामीटर थर्मासमधल्या 68 अंशांच्या पाण्यात घाला. फरक 40 अंशांचा, त्याचे 63 टक्के म्हणजे 25. तर काटा 53 वर यायला जितके सेकंद लागतील तितका कालस्थिरांक. माझ्या थर्मामीटरला पाणी ढवळत असताना 12 सेकंद लागले, न ढवळता 20. ढवळल्याने नळीभोवती ताजं गरम पाणी सतत येत राहतं, म्हणून फरक पडतो. खोलीच्या हवेत मात्र तोच थर्मामीटर कित्येक मिनिटं घेतो, म्हणून दुधातला अंदाज हवेला लावू नका.

पहिली चूक म्हणजे एका कालस्थिरांकानंतरच वाचणं. पाच कालस्थिरांकांनंतर फरकातला एक टक्क्याहून कमी भाग उरतो. म्हणजे ढवळलेल्या दुधात माझ्या थर्मामीटरला मिनिटभर द्यावं लागतं. घाई असेल तर एक हिशेब कामाला येतो. शेवटच्या एका कालस्थिरांकात काटा जितका सरकला, त्याच्या साधारण साठ टक्के सरकणं अजून बाकी आहे. बारा सेकंदांत एक अंश चढला असेल तर खरं तापमान अजून अर्धा-पाऊण अंश वर आहे. हा हिशेब दुधाचं तापमान स्थिर असेल तेव्हाच चालतो.

दुसरी चूक मोठी आणि माझी: दूध तापत असतानाच्या आकड्यावर विश्वास ठेवणं. तापमान एकसारखं चढत असेल तर कितीही थांबा, थर्मामीटर मागेच राहतो. किती मागे? दर सेकंदाला जितके अंश चढतात, गुणिले कालस्थिरांक. माझं दूध मिनिटाला 30 अंशांनी, म्हणजे सेकंदाला अर्ध्या अंशाने चढत होतं; ढवळत नव्हते म्हणून गुणिले 20, बरोबर 10 अंश. 43 दाखवताना 53. हेच मध्यम आचेवर, मिनिटाला 10 अंशांनी, सतत ढवळत केलं असतं तर चूक दोनच अंशांची झाली असती. दूध निवत असताना उलट होतं, थर्मामीटर खऱ्याहून जास्त दाखवतो; पण निवणं संथ असल्याने चूक सहसा अर्ध्या अंशाच्या आत राहते.

म्हणून मी आता दूध डावाने सतत ढवळत तापवते, काटा 36-37 वर असतानाच गॅस बंद करते आणि ढवळत मिनिटभर थांबते. कमी पडलं तर दहा-पंधरा सेकंद आच द्यायची, पुन्हा बंद करून थांबायचं. जाड बुडाचं पातेलं असेल तर गॅस बंद झाल्यावर बुडाची उष्णताही दुधात येत राहते, तेव्हा आणखी एकदोन अंश आधी थांबलेलं बरं.

डिजिटल थर्मामीटर पूर्ण अंशच दाखवत असेल तर आकडा थांबला म्हणून तापमान थांबलं असं धरू नका, 42.6 आणि 43.4 दोन्ही त्याच्यासाठी 43 असतात. एक कालस्थिरांक सोडून दुसऱ्यांदा बघा. आणि काटा वाचायला थर्मामीटर दुधाबाहेर काढू नका. नळीवरचं ओलं दूध वाफ होताना तिला गार करतं आणि आकडा तुमच्या डोळ्यांदेखत उतरू लागतो.