जुन्या गोव्यातल्या पाट्या आणि थडग्यांवरचा मजकूर मराठीत कसा आणावा

आमच्याकडे मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की जुन्या गोव्याची फेरी ठरलेली. पुरातत्त्व संग्रहालय आणि त्याला लागून असलेलं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च पाहून झालं, की घरी सगळे फोटो माझ्यापुढे येतात: "हे मराठीत सांग."

फोटो घेण्याची परवानगी तिथेच विचारून घ्या. एक फोटो वस्तूचा, लगेच पुढचा तिच्या पाटीचा. घिसलेल्या दगडाचा फोटो समोरून नव्हे, उजेड बाजूने पडेल असा काढा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली बसते. इंग्रजी पाटीचा अनुवाद सोपा. एकच सांभाळा, 'सतरावं शतक' म्हणजे १६०१ ते १७००.

खरं काम थडग्याच्या शिळेवर आहे, आणि तिथे तारीख आधी सोडवायची, मजकूर नंतर. मी वर्षानुवर्षं उलटं करत होतो. एका शिळेवर दिवसानंतर ७ चा आकडा होता. मी सरळ 'जुलै' लिहून दिलं आणि ते एका स्मरणिकेत छापूनही आलं. पुढे दुसऱ्या फोटोत तो आकडा जवळून पाहिला, तर त्याच्या डोक्यावर तीन बारीक अक्षरं कोरलेली दिसली: 'ब्रो'. ते सातवा महिना नव्हतंच, 'सेतेंब्रो' होतं, म्हणजे सप्टेंबर.

जुने पोर्तुगीज लेखनिक आणि पाथरवट महिन्यांची नावं अशीच तोडत. ७ आणि 'ब्रो' म्हणजे सप्टेंबर, ८ आणि 'ब्रो' ऑक्टोबर, ९ आणि 'ब्रो' नोव्हेंबर. फुलीसारखा रोमन दहा आणि 'ब्रो' म्हणजे डिसेंबर. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून या नावांत सात, आठ, नऊ, दहा हे अंक शिल्लक राहिले. तेव्हा महिन्याच्या जागी ७ ते १० मधला आकडा दिसला की फोटो मोठा करून त्याच्या वरची आणि उजवीकडची जागा नीट पाहा. तिथला दगड झिजलेला असेल तर महिना लिहूच नका, नुसतं वर्ष द्या. अंदाजाने महिना घालणं मला अजिबात मान्य नाही; तो अंदाज पुढे कुणीतरी पुरावा म्हणून वापरतो.

वर्षाच्या आधी कधी कधी 'एरा' असतं. त्यातून ३८ वजा करा, असा सल्ला मला एका जाणत्या माणसाने दिला होता. तो गोव्यात साफ चुकीचा. ३८ वर्षं पुढे चालणारी जुनी स्पॅनिश कालगणना पोर्तुगालने १४२२ मध्येच सोडली, आणि पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये. इथल्या शिळेवर 'एरा' म्हणजे नुसतं 'सन'.

आता एक नमुना घ्या. ओळीच्या सुरुवातीला 'एस' आणि टिंब, मग 'द', मग एक नाव, मग 'इ द सेवूस एर्देइरोस', शेवटी 'फालेसेओ आ १२ द ७ब्रो द १६३४'. पहिलं 'एस' पाहून 'संत' लिहू नका. ते 'सेपुल्तुरा'चं, म्हणजे कबरीचं, आद्याक्षर आहे. 'सेवूस' शब्दात यू-च्या जागी व्ही कोरलेला असतो, तो त्या काळचा रिवाज. 'एर्देइरोस' म्हणजे वारस. मराठी होईल: 'अमुक यांची व त्यांच्या वारसांची कबर. (ते) १२ सप्टेंबर १६३४ रोजी वारले.' 'वारसांची' हा शब्द गाळू नका. एकाच शिळेखाली पुढच्या पिढ्याही पुरल्या जात, आणि कोरलेली तारीख मात्र पहिल्याची असते.

गावांची नावं आपल्या तोंडची वापरा. 'इल्यास' हा शब्दशः 'बेटं' असला तरी तो तिसवाडी तालुका आहे. 'साल्सेत' म्हणजे आपली साष्टी, पण लगेच तसं लिहू नका. ठाणे-मुंबईकडची साष्टीही पोर्तुगीजांकडे होती. मराठ्यांनी ती १७३७ मध्ये घेतली. त्याआधीच्या मजकुरात शेजारी वसईचं नाव असेल तर ती उत्तरेची, मडगाव किंवा राशोल असेल तर गोव्याची. 'नोव्हास कोंकिस्तास'साठी 'नवे विजय' असलं काही बनवू नका, गोव्यात 'नवी काबिजाद' म्हणतात. आणि 'इस्तादो दा इंडिया' म्हणजे 'भारताचं राज्य' नव्हे. तो पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा सगळा मुलूख, त्यात मलाक्काही होतं.

शक दिला असेल तर ७८ मिळवा. नार्वे इथल्या सप्तकोटेश्वराच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक आहे, म्हणजे इसवी सन १६६८. महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर मात्र ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. पौष अर्धा इकडे, अर्धा तिकडे पडतो, तेव्हा तिथी पाहूनच ठरवा, आणि तिथी नसेल तर दोन्ही वर्षं लिहा.