101 ने संपणारी स्ट्रिंग: डीएफएचे मागे येणारे बाण कुठे न्यायचे

तिसऱ्या वर्षी ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ सुरू झालं, तेव्हा माझ्याकडे सीनिअरच्या नोट्सची झेरॉक्स होती. कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकेत बसून मी त्यातल्या स्टेट डायग्राम जशाच्या तशा उतरवून काढायचे. डीएफए म्हणजे 0 आणि 1 ची स्ट्रिंग एकेक अक्षर वाचून शेवटी ती स्वीकारणारं किंवा नाकारणारं मशीन, आणि स्टेट डायग्राम म्हणजे त्याचं गोल-बाणांचं चित्र. 101 ने संपणाऱ्या स्ट्रिंगच्या डायग्रामचा खालचा भाग मात्र झेरॉक्समध्ये कापला गेला होता. चार गोल होते, डावीकडून उजवीकडे जाणारे तीन बाण होते, पण मागे येणारा एकही बाण नव्हता. टेस्टला नेमका तोच प्रश्न आला. मी मागचे सगळे बाण q0 ला, म्हणजे पहिल्या गोलाला, नेले आणि सहापैकी दोनच मार्क मिळाले.

आता ज्युनिअर हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा मी आधी त्यांची वही बंद करायला सांगते. पुढे जाणारे बाण कुणीही काढतं, अडतं ते मागच्या बाणांवर. ते पाठ करायची गरज नाही, प्रत्येक गोलाचा अर्थ लिहिला की ते आपोआप सापडतात.

मशीनला मागचं काही आठवत नाही. आपण कोणत्या गोलात उभे आहोत, एवढीच त्याची आठवण. म्हणून प्रत्येक गोलाखाली पेन्सिलने लिहायचं की आत्तापर्यंत 101 चा किती भाग हाताला लागलाय. q0 म्हणजे काहीच नाही, q1 म्हणजे शेवटी 1 आहे, q2 म्हणजे शेवटी 10, आणि q3 म्हणजे पूर्ण 101. q3 ला डबल गोल, म्हणजे स्ट्रिंग तिथे संपली तरच स्वीकारायची. नमुना तीन अक्षरांचा, म्हणून गोल चार.

डीएफएमध्ये प्रत्येक गोलातून 0 चा एक आणि 1 चा एक बाण निघालाच पाहिजे. म्हणजे एकूण आठ बाण. तीन पुढचे झाले, उरलेले पाच प्रत्येकी एकच प्रश्न विचारून काढायचे: हे अक्षर जोडल्यावर जे शेपूट तयार होतं, त्याचा सर्वांत लांब असा कोणता शेवटचा तुकडा 101 ची सुरुवात म्हणून चालेल?

q0 ला 0 आला तर काहीच हाती लागत नाही, तिथेच लूप. q1 ला 1 आला तर शेपूट 11. ते चालत नाही, पण शेवटचा 1 चालतो, म्हणून q1 वरच लूप. q2 ला 0 आला तर 100. यात 00 चालत नाही, 0 चालत नाही, म्हणजे खरोखर q0. पाचपैकी फक्त q0 आणि q2 चे 0 वाले हे दोन बाण q0 ला जातात.

आता q3. इथे 0 आला की शेपूट होतं 1010, आणि त्याचा शेवटचा 10 तर आपल्याला हवाच आहे, म्हणून q2. 1 आला की 1011, शेवटचा 1 कामाचा, म्हणून q1.

```
        0    1
-> q0   q0   q1
   q1   q2   q1
   q2   q0   q3
 * q3   q2   q1
```

तपासायला मी नेहमी 10101 देते. बरोबर डायग्रामवर रस्ता q1, q2, q3, q2, q3 असा जातो आणि स्ट्रिंग स्वीकारली जाते. q3 चा 0 वाला बाण q0 ला नेला असेल तर रस्ता q1, q2, q3, q0, q1 होतो आणि 101 ने संपणारी स्ट्रिंग नाकारली जाते. नुसती 101 तपासून ही चूक कधीच दिसत नाही. नमुना स्वतःवरच चढून पुन्हा येतो, अशी स्ट्रिंग घ्यावी लागते. माझी दुसरी चूक, q1 चा 1 वाला बाण q0 ला नेण्याची, 1101 दिल्यावर लगेच उघडी पडते.

आणखी एक घोटाळा हमखास होतो. q3 वर 0 आणि 1 दोन्हींचा लूप काढला की मशीन 101 ‘असणाऱ्या’ स्ट्रिंगचं होतं, ‘संपणाऱ्या’ नव्हे. मग 1010 सुद्धा पास होते. प्रश्नात ‘शेवटी’ म्हटलंय की ‘कुठेही’, त्या शब्दाखाली आधी रेघ मारा.

परवा नाशिक रोडहून येणाऱ्या एका ज्युनिअरने हे ऐकून विचारलं, “म्हणजे ताई, ‘संपणाऱ्या’ला डबल गोलावर लूप कधीच येत नाही ना?” मी तिला 11 ने संपणाऱ्या स्ट्रिंगची डायग्राम काढायला दिली. तीन गोल. q2 म्हणजे 11. तिथे 1 आला की शेपूट 111, आणि त्याचे शेवटचे दोन अक्षर पुन्हा 11. तिची पेन्सिल क्षणभर थांबली, मग तिने डबल गोलावरच लूप काढला आणि वर 1 लिहिला. 0 चा बाण विचारायच्या आतच तिने q0 ला नेला होता.