बचत गटात व्याज समजवायचंय? पायऱ्या काढा
गटातल्या बायकांसाठी स्लाईड बनवताना टक्क्यांचं टेबल नको, पायऱ्यांचं चित्र टाका. कर्जाच्या पायऱ्या उतरत्या, म्हणजे 10,000 घेतले, व्याज महिन्याला शेकडा 2, मुद्दल दरमहा 1,000 फेडायचं, तर व्याज आधी 200, मग 180, 160 असं उतरत 10 महिन्यांत एकूण 1,100 होतं. शेजारी सपाट रेघ काढा, दर महिन्याला 200च, एकूण 2,000, दर मात्र तोच शेकडा 2! कर्ज घेताना हेच विचारायचं, व्याज उरलेल्या मुद्दलावर की पूर्ण रकमेवर. आरडीच्या पायऱ्या चढत्या. महिना 100 भरले तर 6 टक्क्यांनी वर्षाला 72 नाही, साधारण 39-40च मिळतात, कारण शेवटच्या हप्त्याला एकाच महिन्याचं व्याज लागतं, हे आधीच दाखवा नाहीतर बँकेने पैसे कापले असं वाटतं.