खाणावळीसाठी अन्नसुरक्षेचं पोस्टर मराठीत करायला घेण्याआधी

मूळ पोस्टर, कागदाचं माप, छापणाऱ्याचा नंबर हे तुम्ही घेणारच. पण पहिली ओळ लिहिण्याआधी ज्या स्वयंपाकघरात पोस्टर लागणार तिथे जा आणि फ्रिज उघडून आतली गारवा कमी-जास्त करायची चकती बघा. मागच्या वेळी मी नेमकं हेच केलं नाही. मूळ मजकूर बघून ‘फ्रिज ५ किंवा त्याहून कमी ठेवा’ असं लिहून दिलं. जळगावच्या त्या खाणावळीतल्या फ्रिजच्या चकतीवर १ ते ७ आकडे होते. आचाऱ्याने पोस्टर वाचलं आणि चकती ६ वरून ३ वर आणली. चकतीवरचा आकडा म्हणजे अंश नव्हे. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की गारवा वाढतो. म्हणजे सांगितलेलं पाळूनही फ्रिजमधला गारवा कमी झाला, आणि तोही मे महिन्यात.

तेव्हा ‘आतल्या थर्मामीटरवर ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी दिसलं पाहिजे’ असं पूर्ण वाक्य लिहा. जागा अपुरी पडली तर दुसरं काहीही काढा, थर्मामीटर हा शब्द काढू नका. तिथे थर्मामीटर नसेल तर मालकाला आधी तो आणायला लावा. तो मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवून सकाळी वाचायचा. दार उघडलं की आतली हवा लगेच तापते, पाणी तेवढं चटकन तापत नाही, म्हणून ग्लास. फ्रीझरसाठी ‘उणे १८’ असं शब्दात लिहा, आकड्याआधीची बारीक रेघ कोणाच्या लक्षात येत नाही. मूळ पोस्टर अमेरिकेचं असेल तर त्यातला ४० हा आकडा फॅरनहाइटमधला आहे, म्हणजे आपले सुमारे ४ सेल्सिअस. तो तसाच उतरवू नका.

कच्च्या-शिजलेल्याच्या भागाला ‘परस्पर दूषण’ असलं नाव देऊ नका, आचारी तिथेच वाचणं सोडतो. त्याच्या रोजच्या कामातलं सांगा: मटण कापलेल्या पाटावर आणि त्याच सुरीने भरिताबरोबर द्यायची कांद्याची पात चिरू नका. पात कच्चीच खाल्ली जाते, ती आचेवर जात नाही, म्हणून तिला लागलेले मटणाचे जंतू मरत नाहीत. फ्रिजमध्ये कच्चं मटण झाकून सर्वांत खालच्या फळीवर, नाहीतर त्याचं पाणी खालच्या शिजलेल्या अन्नात ठिबकतं.

हात धुण्याचं: साबण लावून २० सेकंद चोळायचे, घड्याळ नसेल तर सावकाश वीसपर्यंत मोजायचं. नळाला पाणी नसेल तर मगाने वरून ओतून घ्यावं, बादलीत हात बुडवायचा नाही, हे मात्र स्पष्ट लिहा.

मोठी अक्षरं, लॅमिनेशन, फ्रिजचं पोस्टर फ्रिजच्या दारावर. छापण्याआधी आचाऱ्याला कच्चा कागद द्या, ‘यात सांगितलंय तसं करून दाखवा’ म्हणा आणि त्याचा हात चकतीकडे जातो की थर्मामीटरकडे ते बघा. चकतीकडे गेला तर छापू नका.