दुसरा एसी बिलात किती भर घालतो? हिशेबातल्या या चुका टाळा

मुलांच्या खोलीत एसी लावायचा ठरला, की घरात कुणीतरी मागचं बिल काढतं, एकूण रकमेला युनिटनी भागतं आणि "युनिटला अकरा रुपये पडतात" म्हणून मोकळं होतं. पुढचा सगळा हिशेब इथेच फसतो.

महावितरणचे 2024-25 चे घरगुती दर घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटला 5.88 रुपये, 101 ते 300 ला 11.46, 301 ते 500 ला 15.72 आणि त्यावर 17.81. सिंगल फेजचा स्थिर आकार 128 रुपये आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो इथे धरलेला नाही. दर बदलत राहतात, तेव्हा तुमचे आकडे ताज्या बिलावरूनच घ्या. पद्धत तीच राहते.

पहिली चूक: सरासरी दराने गुणणं

समजा एसीविना घराला महिन्याला 240 युनिट लागतात. बिल होतं साधारण 2,692 रुपये, म्हणजे सरासरी 11.22 रुपये युनिट. एसी रोज आठ तास चालला आणि तासाला पाऊण युनिट खाल्लं, तर महिन्याला 180 युनिट. सरासरीने गुणलं तर 2,019 रुपये. प्रत्यक्षात वाढ होते 2,986 रुपयांची.

हा हजाराचा फरक येतो कुठून? स्वस्त 100 युनिट फ्रिज-पंख्यांनी आधीच संपवलेले असतात, आणि स्थिर आकारही आधीपासून बिलात आहेच. नवे युनिट 240 च्या पुढे जाऊन बसतात: पहिले 60 युनिट 11.46 ने, उरलेले 120 युनिट 15.72 ने. बेरीज 2,574, त्यावर 16 टक्के.

आता तसाच दुसरा एसी लावा. तेच मॉडेल, तेच तास, तेच 180 युनिट. पण सुरुवात 420 पासून. 80 युनिट 15.72 ने, 100 युनिट 17.81 ने, शुल्क धरून 3,525 रुपये. पहिल्यापेक्षा 539 रुपये जास्त, आणि यात दुसऱ्या यंत्राचा काडीचाही दोष नाही. म्हणूनच "शेजाऱ्यांच्या एसीला दोनच हजार येतात" हे ऐकून काही ठरवू नये. त्यांचं घर कोणत्या टप्प्यावर उभं आहे, ते आधी विचारावं.

दुसरी चूक: "पाचशे ओलांडले की सगळंच महाग"

तसं नाही. 501 वं युनिट 17.81 ने लागतं, पण आधीच्या 500 चे दर जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे 498 वर मीटर अडवून धरायला रात्रभर घामाघूम होण्यात अर्थ नाही. केरळात मात्र 250 युनिटच्या पुढे गेलं की सगळ्या युनिटना एकच चढा दर लागतो. तिथल्या नातेवाइकांचं ऐकून इथे घाबरू नका.

तिसरी चूक: एसीचे युनिट अंदाजाने धरणं

"दीड टनाचा म्हणजे तासाला दीड युनिट" हे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. टन हे थंडाव्याचं माप आहे, विजेचं नाही. एसीवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते 1,600 तासांसाठी असतात, म्हणून 1,600 ने भागा. पण तो प्रमाणित चाचणीचा आकडा. पश्चिमेची भिंत तापलेली आणि दाराखाली बोटभर फट असेल, तर तुमचा आकडा वेगळाच येणार.

खरा आकडा मीटरच देतो. झोपताना मीटरवर kWh लिहिलेलं वाचन येईपर्यंत थांबा (आकडे आळीपाळीने सरकतात, दुसराच टिपला जातो), दशांशासकट लिहून ठेवा आणि उठल्यावर पुन्हा बघा. एक रात्र एसी लावून, एक न लावता. समजा लावून 8.2 आणि न लावता 2.2 युनिट झाले, तर एसीचे 6. दोन्ही रात्री गिझर, वॉशिंग मशीन बंद ठेवा, आणि हवा साधारण सारखी असू द्या. जानेवारी आणि मेच्या बिलांची वजाबाकी करू नका. उन्हाळ्यात फ्रिज आणि पंख्यांचेही युनिट वाढतात, ते उगाच एसीच्या नावावर जमा होतात.

एवढं करूनही बिल फार मोठं आलं, तर आधी मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा. रीडिंग चुकून दोन महिन्यांचे युनिट एकत्र आले असतील, तर टप्पे दोन महिन्यांचे धरलेत का, ते तपासा. 600 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर शेवटचे 100 थेट 17.81 च्या टप्प्यात जातात. 300-300 धरले, तर 11.46 च्या पुढे एकही जात नाही.