विसरलेला डबा: रॅक फोकसने एका शॉटमध्ये गोष्ट सांगणे

रॅक फोकस म्हणजे शॉट न तोडता फोकस एका वस्तूवरून दुसरीवर नेणे. तो कुठे वापरावा, याची कसोटी साधी आहे: फोकस हलल्यावर प्रेक्षकाला आधी ठाऊक नसलेलं काही कळलं पाहिजे. नुसतंच फुलावरून झाडावर गेलात, तर लेन्स चांगली आहे एवढंच कळतं.

इथे पंधरा सेकंदांची क्लिप घेऊ. शाळेत निघालेली मुलगी दारात दप्तर खांद्यावर घेते, बाहेर पडते, दार लागतं. मग फोकस पुढच्या टेबलावर येतो आणि तिथे तिचा डबा राहिलेला दिसतो.

आधी अंतरं ठरवा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स असेल (एपीएस-सीवर साधारण ३५ मिमी), तर डबा कॅमेऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर आणि मुलगी ३ मीटरवर ठेवा. लेन्स डब्याच्या झाकणाच्या उंचीला, किंचित वर रोखलेली. अ‍ॅपर्चर f/2.8. या मांडणीत डब्यापाशी जेमतेम ३ सेंटिमीटर पट्टा स्पष्ट राहतो, मुलीपाशी मात्र साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे मुलगी थोडी पुढेमागे झाली तरी चालेल, डबा तसूभरही हलता कामा नये. f/1.8 चा मोह टाळा: नावाचं लेबल स्पष्ट आणि डब्याची कड धूसर, असं होतं.

डबा फ्रेमच्या डाव्या भागात, मुलगी उजवीकडे, एकमेकांवर न येता. डबा सुरुवातीपासून फ्रेममध्ये असतोच, पण धूसर. तो चकचकीत स्टीलचा असेल आणि खिडकीचा उजेड त्यावर पडत असेल, तर नजर आधीच तिकडे जाते आणि गुपित फुटतं. लेबल कॅमेऱ्याकडे करून डबा थोडा सावलीत सरकवा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने या शटरला ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाही. ऑटोफोकस बंद करा. चालू राहिला तर तो चेहऱ्याला धरून बसतो, आणि चेहरा दाराआड गेला की भलतीकडेच शोधत सुटतो.

आता खुणा. फोकस रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. स्क्रीनवर चित्र मोठं करून आधी मुलीच्या डोळ्यांवर फोकस घ्या आणि पट्टीवर रेघ मारा. मग लेबलवर फोकस घेऊन दुसरी रेघ. या रेघांसमोर येईल अशी एक स्थिर खूण लेन्सच्या न फिरणाऱ्या भागावर करा. काही लेन्समध्ये रिंग थेट काचांना जोडलेली नसते, मोटरला फक्त इशारा देते. तिथे फिरवण्याचा वेग बदलला की रेघ चुकते. तपासायला रिंग एकदा सावकाश आणि एकदा झटकन त्याच रेघेपर्यंत फिरवा. चित्र दोन्ही वेळा सारखं आलं नाही, तर मेनूत रिंगचा प्रतिसाद ‘लिनिअर’ करता येतो का पाहा. नसेल तर दर वेळी एकाच वेगाने फिरवण्याचा सराव, किंवा स्क्रीनवर बोट टेकवून फोकस बदलणं आणि त्याचा वेग कमी ठेवणं.

क्षण कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. दार लागण्याआधी फोकस डब्यावर आला, तर प्रेक्षकाला वाटतं, ‘अगं, डबा!’ आणि ती वळेल का याची धाकधूक लागते. दार लागल्यावर आला, तर उशीर झालेला असतो आणि हळहळ उरते. दोन्ही चालतात, पण क्लिप वेगळी होते. आपल्या गोष्टीत दुसरं घेऊ: कडीचा आवाज, अर्धा सेकंद थांबा, मग साधारण एका सेकंदात फोकस पुढे आणा. अर्ध्या सेकंदात आणलात तर धक्का दिल्यासारखं वाटतं; दोन सेकंद लावलेत तर मधला सगळाच धूसर काळ चूक वाटू लागतो. रेघेच्या पुढे जाऊन मागे येणं तर लगेच डोळ्यांत भरतं, तो टेक सोडून द्या. डब्यावर पोचल्यावर किमान तीन सेकंद चित्रण चालू ठेवा.

फोकस हलताना फ्रेम किंचित लहानमोठी होते, म्हणून डबा अगदी काठाला नको. मोबाइलचा मुख्य कॅमेरा लहान सेन्सरमुळे ७० सेंटिमीटरवरून पुरेसं धूसर करत नाही; तिथे डबा १५ सेंटिमीटरवर आणावा लागतो, मग फ्रेममध्ये फक्त लेबल आणि झाकणाची कड मावते, आणि फोकस हाताने बदलू देणारं अ‍ॅप लागतं.

एडिटिंगमध्ये एक सोय आहे. कडी दाराआड असल्याने तिचा आवाज चित्रातल्या हालचालीशी नेमका जुळवावा लागत नाही. तुमचा हात थोडा लवकर किंवा उशिरा हलला असेल, तर कडीचा आवाज चार-पाच फ्रेम मागेपुढे सरकवून तो अर्धा सेकंद नेमका करता येतो.